पेटी ऐकून स्वर दाखवणारं ॲप म्हणतंय 'सा' चूक, 'ग' बरोबर. पेटी बिघडलीय का?

वाईकरीण
मुलगी अकरा वर्षांची आहे. घरात सासऱ्यांची जुनी पेटी आहे, तिच्यावरच शिकतेय. क्लास आठवड्यातून एकदाच असतो, म्हणून मधल्या दिवसांसाठी फोनवर एक ॲप घेतलं. आपण वाजवायचं, ते ऐकतं आणि कोणता स्वर वाजला ते पडद्यावर दाखवतं. बरोबर असेल तर हिरवा, नाहीतर लाल. सा काळी एकवर लावून दिलाय.

आता गंमत बघा. सा, रे, म, प लाल येतात आणि ग, ध, नी हिरवे! मुलगी म्हणते, "आई, साची पट्टीच खराब आहे." पेटी दुरुस्त करणाऱ्यांना बोलावलं होतं, कारण भाता थोडा फुसफुसतोय. ते म्हणाले, सगळे सूर काढून नव्याने ४४० ला मिळवून देतो, मग ॲप कुरकुर करणार नाही. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण पेटी कानाला गोडच लागते. सूर मिळवून घ्यावेत की ॲप बदलावं?

घाटावरचा
ताई, सोपं आहे. या ॲपांचा सा मुळात पांढरी एकवर असतो. तुम्ही काळी एकवर वाजवताय म्हणून लाल येतंय. सेटिंगमध्ये जाऊन सा बदला. नाहीतर सरळ स्केल चेंजर पेटी घ्या, पट्टी सरकवली की काम झालं.

वाईकरीण
दादा, वर लिहिलंय की, सा काळी एकवरच लावलाय. आणि सा चुकीचा लावला असता तर ग, ध, नी तरी हिरवे कसे आले असते?

खर्जातला
तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. सा चुकीचा लावला असता तर ॲपने सगळी नावंच बदलून दाखवली असती. इथे नाव बरोबर येतंय आणि फक्त रंग चुकतोय, म्हणजे प्रकरण एका पट्टीपेक्षा कितीतरी बारीक अंतराचं आहे. सूर काढायला अजिबात देऊ नका. आधी मोजू या.

ते शिकवणारं ॲप बंद ठेवा आणि गिटारवाले वापरतात तसला साधा क्रोमॅटिक ट्यूनर फोनवर घ्या. त्यात इंग्रजी अक्षर दिसतं आणि शेजारी अधिक-उणे आकडा दिसतो, तो आकडा सेंटमध्ये असतो. शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट धरतात, म्हणजे +१८ हा स्वर बराचसा जागेवर आहे पण थोडा चढा आहे.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पेटीचे स्टॉपर असे लावा की फक्त नर सूर वाजेल, खर्ज आणि कप्लर बंद. दोन सूर एकत्र वाजले की ॲपला दोन आवाज ऐकू येतात आणि ते कधी खालच्या सप्तकातलं नाव दाखवतं, कधी वरच्या. ते दोन सूर एकमेकांशी तंतोतंत मिळालेले नसतील तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो आणि काटा नाचत राहतो. दुसरी गोष्ट भात्याची. तो जोरात दाबला की सूर किंचित उतरतो, खालच्या सप्तकात जास्तच. म्हणून मध्यम, एकसारख्या हवेवर वाजवा आणि काटा स्थिरावल्यावर आकडा लिहून घ्या.

मधल्या सप्तकाचे आठ आकडे इथे द्या. ट्यूनरमध्ये A = 440 आहे ना तेही बघा.

एडिसनकर
विषयाला धरून माझंही विचारतो. मी न्यू जर्सीत ॲपवरून गिटार शिकतोय. कॉर्ड वाजवली की ॲप शाबासकी देतं. एकदा मित्राने ऐकलं आणि म्हणाला, तुझा D कॉर्ड घाणेरडा वाजतोय. ॲप तर प्रत्येक वेळी पास करतं! खोटं कोण बोलतंय?

पट्टीचा_श्रोता
मित्र खरं बोलतोय. ही ॲपं सहसा कोणता कॉर्ड वाजला ते शोधून काढत नाहीत. आता D यायला हवा हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि आवाजात D चे स्वर पुरेसे आहेत की नाही एवढंच ती तपासतात. D मध्ये सर्वांत जाडी तार वाजवायची नसते. ती वाजली तर E मिसळतो, आवाज गढूळ होतो, पण D, F#, A तिथे असतातच, म्हणून ॲप खूश. एखादी तार बोटाखाली अर्धी दबून खडखडली तरी बाकीच्या तारांच्या जोरावर निभावतं. सहाही तारा एकेक करून छेडा आणि ट्यूनरवर बघा, कोणती मुकी आहे ते लगेच कळेल.

एडिसनकर
करून बघितलं. ती जाडी तार ठणठणीत वाजत होती 😀 आणि सर्वांत बारीक तार मुकी.

वाईकरीण
खर्जातले काका, मोजलं. A = 440 आहे. मुलीने पट्ट्या दाबल्या, मी आकडे लिहिले.

सा (C#) +१८
रे (D#) +२१
ग (F) +५
म (F#) +१७
प (G#) +२०
ध (A#) ०
नी (C) +७
वरचा सा +१८

सा खरंच चुकलाय हो! ध मात्र बरोबर शून्यावर.

खर्जातला
वा! हे आकडे बघून बरं वाटलं. ताई, साला शून्य मानून बघा. सगळ्यांतून १८ वजा केले की असं दिसतं: सा ०, रे +३, ग −१३, म −१, प +२, ध −१८, नी −११.

हल्लीच्या बहुतेक पेट्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, आणि ॲपही तेच गृहीत धरतं. तंबोऱ्याशी मिळवून गाणारा माणूस मात्र ग तिथे लावत नाही. त्याच्या गाची कंपनसंख्या साच्या सव्वापट असते आणि ती जागा सारख्या भागांच्या गपेक्षा १४ सेंट खाली पडते. तसाच ध १६ सेंट खाली, नी १२ खाली, रे ४ वर, प २ वर, म २ खाली. आता तुमची ओळ याच्याशेजारी ठेवा. कुठेही दोन सेंटपेक्षा जास्त फरक नाही.

ही पेटी कुणीतरी जाणत्या कानाने काळी एकला सा धरून गांधार ट्यूनिंगमध्ये मिळवलेली आहे, आणि सूर इतकी वर्षं टिकलेतही. फक्त सगळी पेटी मिळून १८ सेंट चढी आहे. काळी एक २७७ हर्ट्झच्या जागी २८० च्या आसपास बोलते. त्यामुळे झालं काय, की जे ग, ध, नी मुद्दाम उतरवलेले आहेत ते चढेपणामुळे योगायोगाने ॲपच्या रेषेवर आले आणि हिरवे झाले. ॲपने पेटीतला सर्वांत स्थिर स्वर नापास केला आणि ज्यांना त्याने नापास करायला हवं होतं त्यांना पास केलं.

वाईकरीण
बाप रे. सासरे भजनी मंडळात वाजवायचे आणि मुख्य गायक काळी एकचे होते असं सासूबाई सांगतात. म्हणजे जुळतंय! मग आता ॲपचं काय करायचं?

खर्जातला
त्यात A = 440 बदलायची सोय असेल तर ४४५ करा. मग सा, रे, म, प हिरवे होतील. पण आधीच सांगून ठेवतो, ग, ध, नी लाल होतील :) मुलगी घाबरेल.

काही ॲपांत पट्टीची रचना निवडता येते, सारख्या भागांची की नैसर्गिक. नैसर्गिक निवडली आणि सा काळी एक ठेवला तर सगळं हिरवं व्हायला हवं. ती सोय नसेल तर चुकीची मर्यादा वाढवा. दहा सेंटला लाल करत असेल तर पंचवीस करा. पेटीवर पंचवीस सेंटने काहीच बिघडत नाही, कारण चुकीची पट्टी दाबली तर फरक शंभराच्या घरात जातो.

बोरिवलीची_मावशी
मी पेटी शिकवते. मुळात प्रश्न असा की पेटीवर सूर तपासायला ॲप हवं कशाला? पट्टी दाबली की त्या पट्टीचा जो सूर आहे तोच येणार. वाजवणाऱ्याच्या हातात सूर नाहीच, सूर कारागिराच्या हातात असतो. गळ्याचं, व्हायोलिनचं, सतारीचं तसं नाही. ॲप तुमच्या मुलीला फार तर सांगेल की पट्टी बरोबर आणि वेळेवर दाबली का. बोटं कुठली वापरली, भात्याचा हात धक्के देतो का, एक स्वर सुटायच्या आत दुसरा धरला की नाही, यातलं काही त्याला कळत नाही. माझ्याकडे ॲपवर शिकून येणारी मुलं अलंकार बिनचूक वाजवतात, पण एकाच तर्जनीने! दोन स्वरांत फट पडते आणि ॲप मात्र शंभर टक्के देतं.

मुलगी गात असेल तर गळ्यासाठी ॲप वापरा. तिथे त्याचा खरा उपयोग आहे. 'रियाझ' आहे. पुण्याच्या संदीप रानडे यांचं 'नादसाधना' आहे, त्याला २०२१ साली ॲपलचं डिझाइन पारितोषिक मिळालं. ते आयफोन-आयपॅडवर चालतं.

घाटावरचा
मावशी, पण पेटी गांधार ट्यूनिंगची असेल तर ती शास्त्रशुद्ध झाली की! मग सगळ्यांनी तशीच का घेऊ नये? सा बदलायचा असेल तर स्केल चेंजर आहेच, मी म्हणतच होतो.

खर्जातला
घाटावरचे भाऊ, पहिलं बरोबर, दुसरं नाही. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांचा संच सरकतो, आतले सूर जागच्या जागी राहतात. गांधार ट्यूनिंग त्या सुरांना केलेलं असतं. तुम्ही कुठलीही पट्टी दाबा, गोड सा फक्त त्या एकाच उंचीवर मिळणार.

वाईच्या ताई, यात तुमच्यासाठी एक महत्त्वाचा मुद्दा आहे. मुलगी गाते का? क्लासमध्ये तिचा सा कुठला?

वाईकरीण
गातेही. क्लासमध्ये बाई पांढरी चारला गाऊन घेतात, तिथली पेटी वेगळी आहे. घरी मात्र ती काळी एकवरच वाजवते, कारण अलंकार आधी तिथे शिकली.

खर्जातला
मग E चा आकडा द्या, काळी एकला धरून जो कोमल ग येतो तो. पांढरी चारचा तोच शुद्ध नी.

वाईकरीण
+३३.

खर्जातला
तेच वाटलं होतं. पांढरी चार म्हणजे तुमचा F, तो +५ वर आहे. त्याला सा धरलं तर E त्याच्यापेक्षा २८ सेंट जास्त. सारख्या भागांच्या नीपेक्षाही २८ ने चढा, आणि गळ्यातला नी तर १२ ने उतरा हवा. म्हणजे फरक ४० सेंटचा, जवळजवळ अर्धी पट्टी. ती पांढरी चारला गायली आणि या पेटीने साथ केली तर नीवर दोघांचं भांडण होणार, आणि कानाने पेटीच्या मागे जायची सवय लागली तर गळा बिघडेल. तिचा ग, म्हणजे A, तोही मोजून बघा. तोही असाच चढा निघेल असा माझा अंदाज आहे.

म्हणून काळी एकला वाजवायला ही पेटी उत्तम, पांढरी चारला गायला नको. गाताना तंबोऱ्याचं ॲप लावा, ते सा-प देईल आणि ग, नी तिचा तिने शोधावा.

बोरिवलीची_मावशी
आणि गाताना ॲप लावलं तर ही भानगड तिथेही असते बरं का. सारख्या भागांवर बेतलेलं ॲप चांगल्या गळ्याच्या गला 'उतरलाय' म्हणतं. माझी एक विद्यार्थिनी ॲपला खूश करण्यासाठी ग चढवून गायला लागली होती. तंबोऱ्यासोबत ऐकवला तेव्हा तिचं तिलाच खटकलं. पेटीवरचा हा राग जुना आहे. अशाच कारणांवरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली तीही याच दुखण्यावर. ते सगळं आता फोनमध्ये शिरलंय.

पट्टीचा_श्रोता
मावशींशी एका बाबतीत असहमत. 'पेटीवर ॲप कशाला' हे क्लासजवळ राहणाऱ्यांनी म्हणावं. आठवड्यात एकदाच बाई भेटत असतील तर निदान पट्टी आणि लय कुणीतरी बघतंय हे मुलांना पुरतं. नाहीतर पेटी उघडलीच जात नाही.

बोरिवलीची_मावशी
आठ दिवस चुकीची बोटं घट्ट करून येण्यापेक्षा उघडली नाही तरी चालेल, असं माझं मत. असो.

धातीधागे
तबल्याचं कुणी बोलेल का? मी तीनताल शिकतोय. दोन प्रश्न. एक, ट्यूनरने तबला लावायला गेलो तर एकाच तबल्यावर दोन वेगळे स्वर दाखवतो. दोन, ऐकणारं एक ॲप आहे, त्यात ठेक्याचा कस लागतो. एकपट ठीक जाते, चौगुन वाजवली की सगळं 'उशिरा' म्हणतं. मी खरंच मागे पडतोय का? ब्लूटूथ कानात घालून वाजवतो, घरच्यांना त्रास नको म्हणून.

खर्जातला
ब्लूटूथ काढा, आधी तेच. लय १२० ची असेल तर मात्रा अर्ध्या सेकंदाची. चौगुनीत एका मात्रेत चार बोल, म्हणजे बोल सेकंदाच्या आठव्या भागाचा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त उशीर होऊ शकतो. तुम्ही कानातल्या ठेक्याला धरून अगदी अचूक वाजवता, पण ॲपच्या घड्याळात एक बोल निघून गेलेला असतो. एकपटीतही तेवढाच उशीर असतो, पण मात्रा लांब असल्यामुळे ॲप तो खपवून घेतं. तारेचा हेडफोन घाला. काही ॲपांत हा उशीर एकदा मोजून वजा करायची सोय असते, ती वापरा.

ट्यूनरसाठी चाटीवर 'ना' वाजवा आणि तोच आकडा धरा. 'तूं' खुला वाजवला की तबल्याचा सर्वांत खालचा सूर येतो. शाईमुळे तबल्याचे वरचे सूर एकमेकांशी छान पटीत बसतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे दाखवलं होतं. पण तो तळचा एक सूर पटीपेक्षा थोडा चढा राहतो. म्हणून 'ना'ने सा दाखवला तरी 'तूं' शेजारच्या पट्टीकडे सरकलेला दिसतो. तबला बिघडलेला नाही.

धातीधागे
तारेचा लावला. चौगुन बरीच सुधारली, पण पूर्ण नाही, म्हणजे मीही थोडा मागे आहेच. आणखी एक, ॲप माझ्या 'धिं'ला 'तिं' म्हणतं. खालीत तर कळतच नाही मी काय वाजवलं.

पट्टीचा_श्रोता
धिं आणि तिंमधला फरक म्हणजे डग्गा. डग्ग्याचा आवाज फार खालचा असतो, आणि फोन बोलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे बरेचदा खालचा घुमारा गाळून टाकतो. तेवढं गेलं की धिंचा तिं उरतो. फोन डग्ग्याच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवून बघा. तरीही बोल ओळखणं हे अवघड काम आहे. आयआयटी मुंबईत यावर संशोधन चाललेलं आहे, फोनवरच्या ॲपकडून फार अपेक्षा नको.

वाईकरीण
गाळण्यावरून आठवलं. मुलीने सा लांब धरला की दोन-तीन सेकंदांनी ॲपवरून तो नाहीसा होतो. वाजत असतो, पण दिसत नाही.

पट्टीचा_श्रोता
तोच प्रकार. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून फोन तो दाबतो. व्हिडिओ क्लासमध्ये तंबोरा गायब होतो तोही यानेच. ॲपच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये आवाज स्वच्छ करणारी सोय असेल ती बंद करा. काही फोनांत ती बंदच होत नाही, तिथे दुसऱ्या कुणाच्या फोनवर करून बघणं एवढंच हातात आहे.

वाईकरीण
दुरुस्तीवाल्यांना सांगितलं, फक्त भात्याची गळती काढा. ते म्हणाले, पुन्हा बोलवाल. बघू. ४४५ केलं, मर्यादा वाढवली, आता सगळं हिरवं येतं. मुलीने सगळी सप्तकं मोजायचा सपाटा लावलाय. वरच्या सप्तकातला E एकटाच +९ आला. तोही मुद्दाम केलेला असेल का?

खर्जातला
नाही, तो बिघाड. खालचा E +३३ आहे तर वरचाही त्याच्याच आसपास हवा. एकटा उतरलाय म्हणजे बहुतेक त्या सुराच्या टोकाशी मळ बसलाय, वजनाने सूर उतरतो. भात्यासाठी पेटी उघडतीलच, तेव्हा तो एक सूर मऊ ब्रशने साफ करायला सांगा आणि पुन्हा मोजा. तरी तसाच राहिला तर मुळाशी चीर गेली असेल, मग तो एकच बदलावा लागेल. टोक खरवडून चढवून देतो म्हणाले तर थांबवा. चीर असेल तर आठवड्यात पुन्हा उतरेल, आणि मळ असेल तर साफ केल्यावर तो भलताच चढा होऊन बसेल.